बाणाचं शेपूट कुठे आहे?

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात अभिक्रिया कशी घडते हे दाखवणाऱ्या आकृत्या असतात आणि त्यांच्यावर छोटे वळणदार बाण काढलेले असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला सहज वाटतं की बाण अणूची वाट दाखवतोय, म्हणजे हा अणू इथून उठला आणि तिथे जाऊन बसला. मग पुढचं सगळं वाचन चुकत जातं. वक्र बाण अणूंचा प्रवास दाखवत नाही. दोन इलेक्ट्रॉनांची एक जोडी कुठे होती आणि आता कुठे असेल, एवढंच तो सांगतो. अणू तिच्या मागोमाग सरकतात, पण बाण त्यांचा नसतो.

दोन अणूंमधला साधा बंध म्हणजे त्यांनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी, ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. ती नसती तर बाणाला काही अर्थच उरला नसता. १९२२ मध्ये विल्यम केरमॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉनांची हालचाल दाखवायला वक्र बाण वापरले आणि पुढे ती पद्धत जगभर रूढ झाली. बाणाचं शेपूट जिथे जोडी आधीपासून आहे तिथेच हवं, म्हणजे एखाद्या बंधावर किंवा अणूच्या स्वतःजवळच्या, कोणाशीही न वाटलेल्या एकाकी जोडीवर. टोक जोडी जिथे जाणार तिथे हवं: ज्या अणूशी नवा बंध होणार त्याच्यावर किंवा त्या दोन अणूंच्या मध्ये, नाहीतर तुटणाऱ्या बंधाच्या ज्या अणूकडे ती जोडी राहणार त्याच्यावर. बाणाच्या टोकाला अर्धंच पातं असेल तर तो एकाच इलेक्ट्रॉनाचा बाण. तो मुक्तमूलकांच्या अभिक्रियांसाठी असतो, इथे लागणार नाही.

नियम एवढेच आहेत, पण खरी परीक्षा एखादी अभिक्रिया पूर्ण काढताना होते. म्हणून इथाइल अ‍ॅसिटेट हे एस्टर घेऊ, CH₃COOC₂H₅. त्यात एक कार्बन असा आहे की त्याला एका बाजूला CH₃ जोडलेला आहे, एका ऑक्सिजनशी त्याचा दुहेरी बंध आहे आणि दुसऱ्या ऑक्सिजनशी साधा. या दुसऱ्या ऑक्सिजनच्या पलीकडे इथाइल गट, C₂H₅, लटकतो. दुहेरी बंधातल्या कार्बनला कार्बोनिल कार्बन म्हणतात. पाण्यात कॉस्टिक सोडा घालून हे एस्टर तापवलं की सोड्यातला हायड्रॉक्साइड, OH⁻, त्याचे दोन तुकडे करतो. चरबीपासून साबण याच अभिक्रियेने होतो.

हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनवर तीन एकाकी जोड्या असतात आणि एक ऋण प्रभार. पहिला बाण यांपैकी एका जोडीवरून निघतो आणि कार्बोनिल कार्बनवर टेकतो. शेपूट जोडीवर हवं, वजाच्या चिन्हावर नव्हे. बरीच पुस्तकं थेट चिन्हावरूनच बाण काढतात आणि जाणकाराला ते समजतंही. पण शिकणाऱ्याने जोडीचे दोन ठिपके काढूनच बाण सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. ऋण प्रभार असला म्हणजे त्या अणूवर एकाकी जोडी असतेच असं नाही. BH₄⁻ या आयनातल्या बोरॉनवर वजा लिहिलेला असतो, पण त्याच्याकडे एकही एकाकी जोडी नसते, त्याचे सगळे इलेक्ट्रॉन हायड्रोजनशी असलेल्या चार बंधांत गुंतलेले असतात. तिथे वजावरून बाण काढणारा चुकीच्या जागेवरून निघतो. तिथला बाण बोरॉन आणि हायड्रोजन यांच्यातल्या बंधावरूनच निघायला हवा.

आता कार्बनकडे बघू. त्याचे चार बंध आधीच भरलेले आहेत: एक CH₃शी, एक साध्या ऑक्सिजनशी आणि दोन दुहेरी बंधातल्या ऑक्सिजनशी. त्यात हायड्रॉक्साइडची जोडी आली की पाच झाले. पाच बंधांचा कार्बन म्हणजे त्याच्याभोवती दहा इलेक्ट्रॉन, आणि ते होत नाही. म्हणून पहिल्या बाणाबरोबर दुसरा काढावाच लागतो: दुहेरी बंधाच्या एका जोडीवरून निघून त्याच बंधाच्या ऑक्सिजनवर संपणारा. नेमका हाच दुसरा बाण सर्वाधिक विसरला जातो. तो विसरला गेलाय हे ओळखायला कार्बनचे बंध मोजणं पुरेसं आहे.

बाण तपासायची याहून पक्की रीत प्रभारांच्या जमाखर्चाची आहे. एकामागून एक लागलेल्या बाणांच्या मालिकेत पहिली जोडी देणाऱ्या अणूचा प्रभार एकाने वाढतो, शेवटची जोडी घेणाऱ्याचा एकाने घटतो आणि मधल्यांचा होता तसाच राहतो. इथे हायड्रॉक्साइडचा ऑक्सिजन वजा एकवरून शून्यावर आला. कार्बोनिलचा ऑक्सिजन शून्यावरून वजा एकवर गेला. कार्बन मधला, त्याला काही झालं नाही. आधी एकूण प्रभार वजा एक होता, नंतरही तेवढाच आहे. हिशेब जुळला नाही तर एखादा बाण उलटा काढलाय किंवा राहूनच गेलाय.

या पायरीनंतर कार्बनला चार वेगवेगळे शेजारी मिळतात आणि ते चौफलकाच्या टोकांवर असल्यासारखे बसतात. वाटेतल्या या रूपाला मध्यस्थ म्हणतात. पुढच्या पायरीत ऋण ऑक्सिजनवरच्या एका जोडीतून बाण निघतो आणि त्या ऑक्सिजन व कार्बनच्या मध्ये संपतो. दुहेरी बंध परत तयार होतो. कार्बनचे पुन्हा पाच बंध व्हायला नकोत म्हणून त्याच वेळी कार्बन आणि इथाइलकडच्या ऑक्सिजनमधला बंध तुटतो. तो बाण त्या बंधावरून निघून ऑक्सिजनवर संपतो. जोडी ऑक्सिजन घेऊन जातो आणि इथॉक्साइड, C₂H₅O⁻, सुटतो. मागे अ‍ॅसेटिक आम्ल उरतं.

पण आम्ल आणि इथॉक्साइड एकाच भांड्यात फार वेळ शेजारी राहत नाहीत. इथॉक्साइड आम्लाचा प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनाविना हायड्रोजन, काढून घेतो, आणि बाण उलटा काढण्याची चूक सर्वांत जास्त इथे होते. हायड्रोजन आम्लाकडून इथॉक्साइडकडे जातो हे डोक्यात असतं, म्हणून हात आपोआप बाण हायड्रोजनपासून काढून इथॉक्साइडपर्यंत नेतो. खरं तर इलेक्ट्रॉन उलट दिशेने जातात. पहिला बाण इथॉक्साइडच्या एकाकी जोडीवरून हायड्रोजनवर, आणि दुसरा ऑक्सिजन-हायड्रोजन बंधावरून आम्लाच्या ऑक्सिजनवर. उलटा बाण किती चुकीचा आहे हे जमाखर्चच दाखवतो. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधातली जोडी इथॉक्साइडवर नेली तर आम्लाच्या ऑक्सिजनवर अधिक एक प्रभार येतो आणि इथॉक्साइडच्या ऑक्सिजनवर वजा दोन. अशा पाण्यात ते संभवत नाही.

ही शेवटची पायरीच अभिक्रियेला मागे फिरू देत नाही. pKa हा आकडा जितका लहान तितकं आम्ल सहज प्रोटॉन सोडतं, आणि त्यातला एकाचा फरक म्हणजे दहा पट. अ‍ॅसेटिक आम्लाचा pKa ४.७६ आहे आणि इथेनॉलचा जवळपास १६, त्यामुळे या पायरीचा समतोल दहा हजार कोटी पटींहून अधिक उजवीकडे झुकलेला असतो. एकदा प्रोटॉन गेला की उरलेला अ‍ॅसिटेट आयन परत एस्टर व्हायच्या मनःस्थितीत नसतो.

हीच अभिक्रिया आम्लात घडवली तर बाण पूर्ण बदलतात. आम्लाच्या आकृतीत O⁻ असलेला मध्यस्थ किंवा सुटणारा इथॉक्साइड दिसला, तर प्रत्येक बाण स्वतंत्रपणे नियमात बसत असला तरी आकृती चूक आहे. इतक्या आम्लात असा ऋण ऑक्सिजन टिकत नाही.

जमाखर्च जुळला म्हणजे आकृती खरी ठरली असं मात्र नाही, आणि याच एस्टरमध्ये त्याचं सुंदर उदाहरण आहे. हायड्रॉक्साइडची जोडी कार्बोनिल कार्बनवर न नेता इथाइल गटातल्या, ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवर न्या आणि त्या कार्बन-ऑक्सिजन बंधाची जोडी ऑक्सिजनवर सोडा. दोनच बाण. दोन्ही शेपटं जोड्यांवर, कार्बनचे बंध चारच, प्रभार जुळतात. निघणारे पदार्थही तेच: इथेनॉल आणि अ‍ॅसिटेट. कागदावर या दोन आकृत्यांमधली खरी कोणती हे कोणीही सांगू शकत नाही.

फरक एवढाच की पहिल्या आकृतीत इथेनॉलचा ऑक्सिजन एस्टरमधूनच येतो, तर दुसरीत तो हायड्रॉक्साइडचा, म्हणजे पर्यायाने पाण्याचा असतो. १९३४ मध्ये मायकेल पोलान्यी आणि साबो यांनी याच फरकावर बोट ठेवलं. त्यांनी अमाइल अ‍ॅसिटेट हे याच जातीचं एस्टर घेतलं आणि ऑक्सिजनचा जड समस्थानिक, ऑक्सिजन-१८, जास्त प्रमाणात असलेल्या पाण्यात अल्कलीने त्याचे तुकडे केले. निघालेल्या अल्कोहोलमध्ये जड ऑक्सिजन सापडला नाही. म्हणजे हायड्रॉक्साइडने कार्बोनिल कार्बनच गाठला होता आणि अल्कोहोलने स्वतःचा ऑक्सिजन शेवटपर्यंत सोडला नव्हता. दुसरी आकृती नियमात बसूनही या एस्टरच्या बाबतीत बाद झाली.

तरीही एक शंका उरते. आपण चौफलकी मध्यस्थ काढला, पण तो खरोखर थोडा वेळ तरी अस्तित्वात असतो का? कदाचित हायड्रॉक्साइड येणं आणि इथॉक्साइड जाणं एकाच झटक्यात होत असेल आणि मधली पायरी फक्त आपल्या कागदावर असेल. मायरन बेंडर यांनी १९५१ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी बेंझोइक आम्लाची एस्टरं घेतली, त्यांच्या कार्बोनिल ऑक्सिजनच्या जागी ऑक्सिजन-१८ बसवला आणि साध्या पाण्यात अभिक्रिया अर्धवट होऊ दिली. मग ज्याचे तुकडे झाले नव्हते ते एस्टर परत काढून तपासलं. त्यातला काही जड ऑक्सिजन गायब झाला होता. हायड्रॉक्साइड आला, मध्यस्थ झाला, आणि इथॉक्साइड जाण्याऐवजी मूळचा जड ऑक्सिजनच बाहेर पडला. मध्यस्थ निदान एवढा वेळ टिकतो याचा हा भक्कम पुरावा आहे.

बेंडर यांचा निष्कर्ष बाणांनी काढायला बसलात तर आणखी एक पायरी सापडेल. जड ऑक्सिजन हायड्रॉक्साइड म्हणून सुटायचा तर मध्यस्थात आधी त्याच्यावर हायड्रोजन यायला हवा आणि हायड्रॉक्साइडमधून आलेल्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन जायला हवा. इथे एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर हायड्रोजनचा एकच लांब बाण काढण्याचा मोह होतो, पण तसा बाण अणूचा झाला. बरोबर काढायचं तर जड ऑक्सिजनच्या एकाकी जोडीवरून बाण पाण्याच्या एका रेणूतल्या हायड्रोजनवर न्यायचा, त्या पाण्याचा ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडून जोडी त्याच्याच ऑक्सिजनवर ठेवायची, आणि मग तयार झालेल्या हायड्रॉक्साइडला मध्यस्थातल्या दुसऱ्या ऑक्सिजनवरचा प्रोटॉन घ्यायला लावायचा.