कोॲक्सिअल केबलचा अभिलक्षण संरोध

कोॲक्सिअल केबलमधून पुढे जाणाऱ्या विद्युत् लहरीचे व्होल्टेज आणि त्याच लहरीचा प्रवाह यांचे गुणोत्तर म्हणजे त्या केबलचा अभिलक्षण संरोध, म्हणजेच कॅरॅक्टरिस्टिक इम्पीडन्स. तो ओहममध्ये मोजतात आणि Z0 या चिन्हाने दाखवतात. मोजमापाची उपकरणे व रेडिओ प्रक्षेपक यांच्यासाठी बहुधा ५० ओहमची, तर दूरचित्रवाणीसाठी ७५ ओहमची केबल वापरतात.

हा आकडा पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या मनात एक रास्त प्रश्न येतो. ५० ओहमच्या केबलला मल्टीमीटर लावला, तर आतल्या तारेचा रोध ओहमच्या लहानशा भागाइतकाच दिसतो आणि आतली तार व बाहेरची जाळी यांच्यामध्ये मोजले तर परिपथ उघडा असल्याचे दिसते. मग हे ५० ओहम आहेत कोठे? शिवाय केबल एक मीटरची असो वा शंभर मीटरची, आकडा तोच राहतो, हे कसे? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. मल्टीमीटर सगळे स्थिरस्थावर झाल्यानंतरची अवस्था मोजतो, तर अभिलक्षण संरोध ही लहर केबलमधून जात असतानाची गोष्ट आहे.

केबलमध्ये मधोमध एक तार, तिच्याभोवती पॉलिएथिलीनसारखा निरोधक आणि त्याच्याभोवती तांब्याची जाळी अशी रचना असते. दोन वाहक आणि मध्ये निरोधक असल्यामुळे केबलच्या प्रत्येक मीटरला काही कपॅसिटन्स असतो. तारेतून प्रवाह गेला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होत असल्यामुळे प्रत्येक मीटरला काही इंडक्टन्सही असतो. भरीव पॉलिएथिलीनच्या ५० ओहमच्या केबलमध्ये हे आकडे सुमारे १०० पिकोफॅरड आणि २५० नॅनोहेन्री प्रतिमीटर इतके असतात. या दोहोंमुळे लहरीचा वेगही ठरतो. तो प्रकाशाच्या निर्वातातील वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणजे एक मीटर ओलांडायला लहरीला ५ नॅनोसेकंद लागतात.

आता अशी २० मीटर केबल घ्यावी. तिच्या एका टोकाला १० व्होल्टचा, ५० ओहम अंतर्गत रोधाचा स्रोत आहे आणि तो एका क्षणी चालू केला जातो. स्विच लागल्याबरोबर १० व्होल्ट स्रोताचा रोध आणि केबल यांत निम्मे वाटले जातात, म्हणून ५ व्होल्टची एक कड केबलमध्ये शिरते आणि पुढे सरकू लागते. दर ५ नॅनोसेकंदांत ती आणखी एक मीटर केबल ५ व्होल्टपर्यंत भारित करते. त्या मीटरचा कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड असल्याने त्यासाठी ५०० पिकोकूलोम भार लागतो, आणि ५ नॅनोसेकंदांत ५०० पिकोकूलोम पुरवायचे म्हणजे १०० मिलीअँपिअर प्रवाह द्यायचा. ५ व्होल्टला १०० मिलीअँपिअरने भागले की ५० ओहम येतात.

चुंबकीय बाजूने हिशेब केला तरी तेच मिळते. कड एक मीटर पुढे गेली की त्या मीटरमध्ये १०० मिलीअँपिअर प्रवाह सुरू झालेला असतो. २५० नॅनोहेन्रीमध्ये त्याचा चुंबकीय अभिवाह, म्हणजे फ्लक्स, २५ नॅनोवेबर होतो, आणि एवढा बदल ५ नॅनोसेकंदांत घडवायला नेमके ५ व्होल्ट लागतात. दोन्ही हिशेब एकत्र मांडले की नेहमीचे सूत्र मिळते:

Z0 = √(L/C)

येथे L आणि C ही एका मीटरची मूल्ये आहेत. लांबी दुप्पट केली तर दोन्ही दुप्पट होतात आणि गुणोत्तर बदलत नाही. लांबीचा संबंध का येत नाही, हे वरच्या हिशेबातही दिसते: स्रोताला त्या क्षणी फक्त कडेपुढचा केबलचा तुकडा भारित करायचा असतो, आणि पुढे अजून किती केबल उरली आहे किंवा शेवटी काय जोडले आहे, याचा परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचायला अजून वेळ असतो.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. ५० ओहमचा खरा रोध ऊर्जेची उष्णता करतो. केबलने घेतलेली ऊर्जा मात्र तिच्या विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांत साठत पुढे जाते. स्रोताच्या दृष्टीने दोन्हींत तेवढ्या क्षणापुरता काहीच फरक नसतो.

L आणि C हे केबलच्या आडव्या छेदावरून ठरतात, म्हणून Z0 हा भूमितीचा आणि निरोधकाचा गुणधर्म आहे. जाळीचा आतला व्यास D, तारेचा व्यास d आणि निरोधकाचा सापेक्ष विद्युत् पारगम्यतांक εr असेल, तर

Z0 = (60/√εr) · ln(D/d)

आरजी-५८ या प्रचलित केबलच्या भरीव तारेच्या प्रकारात तार ०.८१ मिलीमीटरची आणि निरोधकाचा बाह्य व्यास २.९५ मिलीमीटर असतो. εr सुमारे २.२५ धरला तर उत्तर ५२ ओहमच्या आसपास येते. केबल जाड केली पण व्यासांचे प्रमाण तेच ठेवले, तर संरोध बदलत नाही. केबल चेपली, फार आवळून वाकवली किंवा तिच्यात पाणी शिरले, तर मात्र त्या जागेपुरता तो बदलतो.

आता कड २० मीटर कापून १०० नॅनोसेकंदांनी दुसऱ्या टोकाला पोहोचते. तिथे ५० ओहमचा रोध जोडला असेल, तर ५ व्होल्टला तो अगदी १०० मिलीअँपिअर घेतो. जेवढा प्रवाह येतो तेवढाच रोधात जातो, काही शिल्लक राहत नाही आणि काही परतही जात नाही. केबल जणू अनंत लांब आहे, अशीच स्थिती स्रोतापुढे कायम राहते.

त्याजागी ७५ ओहमचा रोध जोडला, तर हिशेब जुळत नाही. ५ व्होल्टला हा रोध फक्त ६७ मिलीअँपिअर घेऊ शकतो, पण केबलमधून तर १०० मिलीअँपिअर येत आहेत. न सामावलेला भार टोकाशी साचतो आणि तेथील व्होल्टेज वाढवतो. ते ६ व्होल्टपर्यंत वाढते आणि वाढीव १ व्होल्टची नवी लहर स्रोताच्या दिशेने परत निघते, हेच परावर्तन. ही उलट जाणारी लहरसुद्धा केबलच्या ५० ओहमच्या नियमानेच चालते, म्हणून तिचा प्रवाह २० मिलीअँपिअर असतो आणि तो मूळ प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जातो. १०० मधून २० वजा केले की ८० उरतात, आणि ६ व्होल्टला ७५ ओहमचा रोध बरोबर ८० मिलीअँपिअर घेतो. परतलेल्या व्होल्टेजाचे आलेल्या व्होल्टेजाशी असलेले हे प्रमाण परावर्तन गुणांक या नावाने ओळखले जाते:

Γ = (ZL − Z0)/(ZL + Z0)

ZL म्हणजे टोकाला जोडलेला रोध. येथे हे प्रमाण २५ भागिले १२५, म्हणजे ०.२ आहे. शक्तीच्या हिशेबात ०.५ वॉटपैकी ०.०२ वॉट, म्हणजे ४ टक्के, परत गेले आणि ०.४८ वॉट रोधाला मिळाले. एवढी विजोड बहुतेक कामांत शक्तीच्या दृष्टीने क्षुल्लकच मानावी. त्रास होतो तो मागाहून येणाऱ्या प्रतीमुळे.

टोक उघडे असेल तर गुणांक १ होतो, ५ व्होल्टची पूर्ण लहर परत येते आणि केबलवर १० व्होल्ट होतात. टोक जाळीशी जोडून परिपथ लघु केला, तर गुणांक उणे १ होतो आणि परतणारी उलटी लहर व्होल्टेज शून्यावर आणते. तिन्ही प्रसंगी स्रोताच्या टोकाला पहिले २०० नॅनोसेकंद ५ व्होल्टच दिसतात. त्यानंतर अनुक्रमे ६, १० किंवा शून्य व्होल्ट होतात. साध्या ओहमच्या नियमाने येणारी अंतिम उत्तरे हीच आहेत. स्रोताचा रोध ५० ओहम असल्यामुळे परतलेली लहर तिथे शोषली जाते आणि एका फेरीत सगळे शांत होते.

स्रोतही विजोड असेल तर लहर दोन्ही टोकांवर आपटत राहते. अंतर्गत रोध जवळजवळ नसलेला ५ व्होल्टचा स्रोत या केबलला लावून दुसरे टोक उघडे ठेवले, तर १०० नॅनोसेकंदांनी त्या टोकाला १० व्होल्ट दिसतात, ३०० नॅनोसेकंदांनी शून्य, ५०० नॅनोसेकंदांनी पुन्हा १०. प्रत्यक्षात ऱ्हासामुळे हे दोलन हळूहळू विरते. अंकीय संकेताच्या कडेवर ऑसिलोस्कोपमध्ये दिसणारी थरथर पुष्कळदा याच कारणाची असते. थरथरीचे कारण शोधताना केबलची लांबी बदलून पाहावी. लांबीबरोबर दोलनाचा काळ बदलला, तर परावर्तन हेच कारण समजावे.

नवख्याला सर्वांत आधी भेटणारी विजोड याहून साधी असते. ५० ओहमच्या सिग्नल जनरेटरवर १ व्होल्टचा आकडा लावलेला असतो आणि १ मेगाओहम इनपुटच्या ऑसिलोस्कोपवर २ व्होल्ट दिसतात. उपकरणे दोन्ही ठीक असतात. अशा जनरेटरचा आकडा बहुधा टोकाला ५० ओहम जोडलेले आहेत असे धरून लिहिलेला असतो. स्कोपच्या तोंडाशी ५० ओहमचा टर्मिनेटर लावला की १ व्होल्ट मिळतो.

१९८० च्या दशकातील बारीक कोॲक्सिअल केबलच्या इथरनेट जाळ्यात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर अनुभवाला येत असे. सगळे संगणक एकाच केबलवर असत आणि तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लावावे लागत. एक टर्मिनेटर निघाला, तर त्या केबलवरचे सगळेच संगणक एकमेकांपासून तुटत, कारण उघड्या टोकावरून परतणाऱ्या लहरी चालू संदेशात मिसळून तो वाचण्याजोगा राहत नसे.

अखंड ज्या-तरंग पाठवला असता पुढे जाणारी आणि परतणारी लहर काही ठिकाणी एकमेकींत भर घालतात, काही ठिकाणी एकमेकींना कमी करतात. यांतील सर्वाधिक आणि सर्वांत कमी व्होल्टेजांचे गुणोत्तर म्हणजे स्थिर तरंग गुणोत्तर, एसडब्ल्यूआर; ७५ ओहमच्या उदाहरणात ते १.५ आहे. केबलच्या सुरुवातीला दिसणारा संरोध आता लांबीवर अवलंबून राहतो. १०० मेगाहर्ट्झला केबलमधील तरंगलांबी २ मीटर असते. टोकाला ७५ ओहम असताना अर्ध्या मीटरची केबल सुरुवातीला ३३ ओहम दाखवते आणि एक मीटरची केबल पुन्हा ७५ ओहम दाखवते. जुळलेल्या टोकाला मात्र कोणत्याही लांबीला ५० ओहमच दिसतात.

केबल तरंगलांबीच्या मानाने फार आखूड असेल, तर हा सगळा विचार सोडून देता येतो. २० किलोहर्ट्झच्या ध्वनिसंकेताची केबलमधील तरंगलांबी १० किलोमीटर असल्यामुळे घरगुती ध्वनियंत्रणेत तिच्या जुळणीची काळजी करू नये. उलट कमी वारंवारतांना तारेचा रोध इंडक्टन्सच्या तुलनेत मोठा ठरतो, आणि वरचे साधे सूत्रही तिथे लागू पडत नाही.

लांब केबलवर मोजताना एक फसगत संभवते. एका दिशेने जातानाच निम्मी शक्ती गमावणारी, म्हणजे ३ डेसिबेल ऱ्हासाची केबल घेऊन तिचे दुसरे टोक पूर्ण उघडे सोडले, तरी जाताना आणि येताना मिळून परतणाऱ्या लहरीचे व्होल्टेज अर्ध्यावर येते. प्रक्षेपकाजवळचा मीटर अशा वेळी एसडब्ल्यूआर फक्त ३ दाखवतो, आणि ऱ्हास याहून जास्त असेल तर तुटलेला ॲन्टेनासुद्धा चांगला वाटू लागतो. म्हणून शंका असल्यास मोजमाप ॲन्टेनाच्या टोकाशी जाऊन करावे.