सुळ्यांवरून बिबट्या ठरवू नका

"फोटोतल्या कवटीला लांब सुळे आहेत, डोळ्यांच्या खोबण्या समोर आहेत. म्हणजे बिबट्याच ना?"

तेवढ्यावरून नाही. वानराच्या नरालाही असेच सुळे असतात, पण ते धाक दाखवायला आणि भांडायला. पाला चावतात त्या दाढा, म्हणून आधी त्या बघा. वानराच्या दाढांवर आडवे उंचवटे असतात. बिबट्याच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या. वरच्या दोन सुळ्यांमध्ये वानराला चार रुंद दात, बिबट्याला सहा बारीक. दात गळाले असतील तर खाचा मोजा. वानराच्या खोबणीमागे हाडाची भिंत असते, बिबट्याची खोबण मागून उघडी. जबड्याचा सांधा वानरात दातांच्या रेषेपेक्षा बराच वर, बिबट्यात जवळपास त्याच रेषेत. नुसत्या समोरच्या फोटोत यातलं निम्मं दिसत नाही. बाजूचा आणि खालून, तोंडातल्या टाळूचा फोटो मागवाच.