कॉलस्वागत व कॉल वळवणी (छोट्या व्यवसायातील)

दुकानाच्या एकाच क्रमांकावर आलेल्या कॉलला आधी ध्वनिमुद्रित स्वागत ऐकवून मग तो कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर देण्याची व्यवस्था.

माणसावाचून कॉल जोडण्याचे मूळ सामान्यतः ॲल्मन स्ट्रॉजर यांच्या स्वयंचलित स्विचकडे नेले जाते. ते अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे अंत्यविधी व्यावसायिक होते. प्रतिस्पर्ध्याची पत्नी एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती आणि त्यांचे ग्राहक नवऱ्याकडे वळवी, म्हणून त्यांनी हा शोध लावला, अशी कथा आहे. काही वृत्तांतांत पत्नीऐवजी दुसरी नातलग येते, त्यामुळे कथेचा तपशील जपून घ्यावा. पेटंट १० मार्च १८९१ रोजी मिळाले, एवढे निश्चित. इंडियानातील ला पोर्ट येथे १८९२ मध्ये असे एक्सचेंज सुरू झाले.

मोबाइलवरील साधी वळवणी उत्तर न मिळाल्यास कॉल पुढे पाठवते, स्वागत ऐकवत नाही. जीएसएम प्रणालीत त्यासाठी थांबण्याचा काळ ५ ते ३० सेकंद, पाच-पाचच्या टप्प्यांत ठरवता येतो. स्वागत हवे असल्यास आभासी क्रमांक किंवा स्वतःचे छोटे एक्सचेंज घ्यावे लागते. तिथे स्वागत सुरू होताच कॉल ‘उचलला’ असे धरले जाते. पुढे प्रत्येक मोबाइलला जाणारा कॉल स्वतंत्र असतो. भारतात उत्तर न दिलेल्या कॉलची घंटी मोबाइलवर ३० सेकंदांनी थांबते (नोव्हेंबर २०१९ पासूनचा नियम). म्हणून एकेकाला याहून जास्त वेळ देण्यात अर्थ नाही.

उदाहरणार्थ, नागपूरच्या महाल भागातील कूलर दुरुस्तीचे दुकान घेऊ. मे महिन्यात दोन्ही मिस्त्री घरोघरी पंप आणि मोटर बदलत असतात, काउंटरवर मालक एकटा. स्वागत आठ सेकंदांचे ठेवावे: “नमस्कार, दुरुस्तीसाठी एक दाबा, नवीन कूलरसाठी दोन.” हेच लगेच हिंदीतही म्हणावे, म्हणजे सोळा सेकंद झाले. मग पहिल्या मिस्त्रीला पंधरा सेकंद, दुसऱ्याला पंधरा, शेवटी मालकाला वीस. भारतीय घंटीचे एक आवर्तन तीन सेकंदांचे असल्याने पंधरा सेकंदांत पाच घंट्या होतात. हातातला पाना ठेवून फोन काढायला तेवढ्या पुरतात. दोघांना एकदम घंटी दिल्यास वेळ वाचतो, पण दोघेही ‘दुसरा उचलेल’ म्हणून सोडतात. क्रमाने देणे बरे.

खरी अडचण मिस्त्रीच्या मोबाइलवरील व्हॉइसमेल किंवा त्याच्या स्वतःच्या वळवणीमुळे येते. ती कॉल उचलते, यंत्रणेला मिस्त्री बोलतो आहे असे वाटते, आणि पुढच्याला घंटी जातच नाही. नोंदीत एकाच क्रमांकावर दहा-बारा सेकंदांचे ‘उत्तरित’ कॉल वारंवार दिसले, तर हेच कारण समजावे. उपाय म्हणजे उचलणाऱ्याने ‘एक’ दाबल्यावरच कॉल जोडायचा; न दाबल्यास तो पुढे जातो. मिस्त्रीने आपला फोन पुन्हा दुकानाच्या क्रमांकावर वळवला असेल, तर कॉल गोल फिरत राहतो. त्याच्या फोनवरील वळवणी आधी बंद करावी. वळवलेल्या टप्प्याचे शुल्क दुकानाच्या खात्यावर पडते.