क्लाउडमधील स्वतंत्र खाती, मर्यादा-धोरणे आणि एकत्रित बिल : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसवर ज्यांची यंत्रणा आम्ही सांभाळतो, त्या ग्राहकांना आम्ही एकाच खात्याऐवजी किमान चार खाती घ्यायला सांगतो: प्रॉडक्शन, स्टेजिंग आणि डेव्हलपमेंट यांसाठी प्रत्येकी एक, आणि या तिघांच्या वर बसणारे, स्वतः काहीही न चालवणारे एक व्यवस्थापन खाते. खाते उघडायला वेगळे शुल्क नसते, त्यामुळे खर्च वाढण्याची भीती अनाठायी आहे. मात्र या रचनेमुळे काही गोष्टी पूर्वीपेक्षा वेगळ्या चालतात. त्या आधीच माहीत असाव्यात, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

एका खात्यात वेगळी नेटवर्क करून का भागत नाही

एकाच खात्यात प्रॉडक्शन आणि डेव्हलपमेंटसाठी दोन नेटवर्क करून, प्रत्येक सर्व्हरला नावाचा टॅग लावून काम भागेल, असे अनेकांना वाटते आणि काही काळ ते भागतेही. अडचण अशी की नेटवर्क वेगळे केल्याने फक्त सर्व्हरमधली वाहतूक वेगळी होते. परवानग्या आणि वापराच्या मर्यादा मात्र खात्याच्याच राहतात. उदाहरणार्थ, लॅम्डा फंक्शन, म्हणजे सर्व्हर न सांभाळता चालवता येणारे कोडचे तुकडे, एका वेळी किती चालू शकतात याची मर्यादा एका खात्यासाठी प्रत्येक रीजनमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या डेटा सेंटरच्या प्रत्येक भौगोलिक विभागात, एकच असते, आणि ती साधारणतः 1000 असते. डेव्हलपमेंटमधील कुणी भार-चाचणी सुरू केली आणि तिने त्यातील 950 जागा व्यापल्या, तर प्रॉडक्शनला 50 उरतात. त्यापुढच्या विनंत्या नाकारल्या जातात आणि त्या वेळी प्रॉडक्शनच्या कोडमध्ये शोधून काहीही दोष सापडत नाही. खाती वेगळी असतील तर चाचणी स्वतःचीच मर्यादा संपवते आणि तिथेच थांबते.

परवानग्यांचेही तसेच आहे. टॅगवर आधारित परवानग्या लिहिता येतात, पण सगळ्याच सेवांच्या सगळ्याच कृतींना टॅगची अट लागू होत नाही, त्यामुळे अशा कुंपणात फटी राहतात. खात्याची सीमा मात्र मुळातच बंद असते. ती ओलांडायची तर दोन्ही बाजूंनी तशी परवानगी मुद्दाम द्यावी लागते.

मर्यादा-धोरण काय करते आणि काय करत नाही

सर्व खाती एका ऑर्गनायझेशनमध्ये जोडली की त्यांवर सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी लावता येते. यापुढे तिला आपण मर्यादा-धोरण म्हणू. तिच्याविषयी सर्वाधिक गैरसमज होणारी बाब ही की ती कुणालाही काहीही करण्याची परवानगी देत नाही, फक्त परवानगीची कमाल मर्यादा ठरवते. एखाद्या अभियंत्याला काही करता येण्यासाठी त्याच्या खात्यातील परवानगी आणि वरपासून खालपर्यंतच्या प्रत्येक पातळीवरील मर्यादा-धोरण या दोघांचाही होकार लागतो, आणि कुठेही स्पष्ट नकार असेल तर तो नकारच टिकतो. ही मर्यादा सदस्य खात्यातील ॲडमिनलाच नव्हे, तर रूट युजरला, म्हणजे खात्याच्या सर्वाधिकारी मूळ वापरकर्त्यालाही लागू होते, आणि हेच तिचे खरे बळ आहे.

तिला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. सेवांनी स्वतःच्या कामासाठी तयार केलेल्या सर्व्हिस-लिंक्ड रोलवर ती चालत नाही. आणि व्यवस्थापन खात्यावर तर ती मुळीच चालत नाही. त्या खात्यात एखादा सर्व्हर ठेवला, तर तो सर्व धोरणांच्या बाहेर राहतो. म्हणूनच ते खाते आम्ही रिकामे ठेवतो, आणि "तात्पुरती एक छोटी साइट तिथे टाकू का" या प्रश्नाला आमचे उत्तर कायम नाही असे असते.

आता एक उदाहरण तपशीलाने पाहू. समजा, आपली सर्व माहिती `eu-central-1` या एकाच रीजनमध्ये राहावी असे आपण ठरवले आहे. त्यासाठीचे धोरण साधारणपणे असे दिसते:

```json
{
  "Version": "2012-10-17",
  "Statement": [{
    "Sid": "OnlyChosenRegion",
    "Effect": "Deny",
    "NotAction": [
      "iam:*", "organizations:*", "sts:*",
      "route53:*", "cloudfront:*",
      "support:*", "budgets:*"
    ],
    "Resource": "*",
    "Condition": {
      "StringNotEquals": {
        "aws:RequestedRegion": "eu-central-1"
      }
    }
  }]
}
```

याचा अर्थ असा की, यादीतील सेवा सोडून बाकी कोणतीही विनंती निवडलेल्या रीजनबाहेर गेली तर ती नाकारली जाते. यादी का लागते? कारण परवानग्या, डोमेन, कंटेंट वितरण अशा काही सेवा जागतिक असून त्यांच्या विनंत्या `us-east-1` मध्ये पोहोचतात. त्या यादीत नसतील तर परवानग्यांचे पानही कुणाला उघडता येत नाही. वर दाखवलेली यादी मुद्दाम लहान ठेवली आहे. प्रत्यक्षात ती आपण वापरत असलेल्या सेवांप्रमाणे वाढते.

या उदाहरणात एक चूक दडलेली आहे, आणि ती अनेक ठिकाणी होते. कंटेंट वितरणाची सेवा क्लाउडफ्रंट यादीत आहे, म्हणून साइट चालू राहते. पण क्लाउडफ्रंटला जोडायचे प्रमाणपत्र ज्या सर्टिफिकेट मॅनेजरमधून घेतले जाते, तिथे ते `us-east-1` मध्येच मागावे लागते, आणि `acm:*` यादीत नाही. परिणामी आज सर्व काही सुरळीत दिसते, आणि काही महिन्यांनी नव्या उपडोमेनसाठी प्रमाणपत्र मागताना नकार येतो. तोवर धोरण लावल्याचे कुणाच्या ध्यानातही नसते. अशा वेळी त्रुटीच्या संदेशातील शेवटचे शब्द वाचावेत:

```
... with an explicit deny in a service control policy
```

हे शब्द दिसले तर खात्यातील परवानग्या कितीही वाढवल्या तरी उपयोग नाही. दोष वरच्या धोरणात आहे. उलट संदेशात `identity-based policy` असे शब्द असतील तर तो प्रश्न त्या खात्यातच सोडवायचा असतो. आम्हाला कळवताना संदेशाची ही ओळ जशीच्या तशी पाठवावी; केवळ "परवानगी नाही" एवढ्याने शोध दुप्पट लांबतो.

दुसरी बाब क्रमाची आहे. मर्यादा-धोरण नव्या विनंत्या अडवते, पण आधीपासून चालू असलेले काहीही थांबवत नाही. दुसऱ्या रीजनमध्ये कुणी विसरलेला सर्व्हर चालू असेल तर धोरण लावल्यावरही तो चालूच राहतो, त्याचे बिल येत राहते, आणि आता तो बंद करण्याची विनंतीही त्या रीजनमध्ये जात असल्याने नाकारली जाते! म्हणून आम्ही आधी सर्व रीजन तपासून नको असलेले काढून टाकतो आणि नंतरच धोरण लावतो.

तेही एकदम सर्वांवर लावत नाही. खाती ऑर्गनायझेशनल युनिट नावाच्या गटांत ठेवलेली असतात. धोरण प्रथम डेव्हलपमेंटच्या गटावर लावून आम्ही खात्यातील विनंत्या नोंदवणाऱ्या क्लाउडट्रेल सेवेतील नकारांच्या नोंदी पाहतो आणि त्या नोंदींतून यादीत काय राहून गेले ते ठरवतो. मग स्टेजिंग, आणि सर्वांत शेवटी प्रॉडक्शन. महिन्यातून एकदाच चालणारी कामे या काळात एकदा तरी चालून गेलेली असावीत, अन्यथा पाहणी अपुरी राहते. घाईत हाच टप्पा सर्वांत आधी गाळला जातो, हे आम्ही जाणून आहोत.

एकत्रित बिल आणि त्यातील एक फसवा भाग

ऑर्गनायझेशनमधील सर्व खात्यांचे बिल व्यवस्थापन खात्याकडे एकत्र येते आणि त्यात प्रत्येक खात्याचा खर्च वेगळा दिसतो. डेव्हलपमेंटवर किती गेले हे कळण्यासाठी टॅगच्या शिस्तीवर विसंबावे लागत नाही, हा वेगळ्या खात्यांचा एक मोठा लाभ आहे. टॅग तरीही उपयोगी असतात, पण बिलात दिसण्यासाठी ते व्यवस्थापन खात्यातून सक्रिय करावे लागतात. ते केले नाही तर टॅग सर्व्हरवर असतात आणि बिलात नसतात.

खरा गोंधळ सवलतींच्या वाटपात होतो. समजा, प्रॉडक्शन खात्याने तासाला 10 डॉलरचा सेव्हिंग्ज प्लॅन घेतला, म्हणजे दर तासाला तेवढ्या खर्चाची हमी देऊन सवलतीचा दर मिळवला. दिवसा त्याचा वापर सवलतीच्या दराने 12 डॉलर होतो, तेव्हा 10 डॉलरचा भाग प्लॅनमध्ये जातो आणि उरलेला नेहमीच्या दराने आकारला जातो. रात्री वापर 6 डॉलरवर येतो. उरलेले 4 डॉलर पुढच्या तासासाठी साठत नाहीत. त्याच तासात इतर खात्यांत योग्य वापर चालू असेल तर ते त्याला लागू होतात, अन्यथा वाया जातात आणि आकारणी पूर्ण 10 डॉलरचीच होते.

आता डेव्हलपमेंटचे लोक रात्री मोठी गणने चालवत असतील तर त्यांच्या खात्यात तो खर्च जवळपास शून्य दिसतो, कारण त्याचे पैसे प्रॉडक्शनच्या नावावर आधीच पडलेले असतात. पुढे प्रॉडक्शनचा रात्रीचा वापर 10 डॉलरवर गेला की डेव्हलपमेंटचा खर्च एकाएकी उसळतो, जरी तिथे कुणी काहीही बदललेले नसते. अशा वेळी डेव्हलपमेंटकडून खुलासा मागणे अन्यायाचे ठरते. बिलाच्या तपशीलात `SavingsPlanCoveredUsage` या प्रकारच्या ओळी आधीच्या महिन्यात त्या खात्याखाली होत्या आणि आता घटल्या असतील, तर उसळीचे कारण हेच. प्रत्येक विभागाचा खर्च खरोखर त्याच्याच नावे हवा असेल तर ठरावीक खात्यांसाठी सवलतीचे वाटप बंद करता येते, पण मग रात्रीचे ते 4 डॉलर वाया जाऊ शकतात. आमचा कल वाटप चालू ठेवून अंतर्गत हिशेब वेगळा मांडण्याकडे असतो. ज्या ग्राहकांकडे विभागांची अंदाजपत्रके काटेकोर असतात, त्यांच्यासाठी मात्र आम्ही उलट सल्ला देतो.

खर्चाची मर्यादा घातल्यावर तिथे वापर आपोआप थांबतो, असे समजू नये. बजेटची सूचना बिलाच्या माहितीवर चालते आणि ती माहिती काही तास मागे असते. मर्यादा ओलांडल्यावर खात्यावर आपोआप कडक मर्यादा-धोरण लागावे अशी व्यवस्था करता येते, आणि डेव्हलपमेंटसाठी आम्ही ती करतो. पण वर सांगितल्याप्रमाणे ते धोरण नवे सर्व्हर अडवते, चालू असलेले नाही. ते थांबवायचे तर ठरावीक सर्व्हरची नावे देऊन वेगळी कृती जोडावी लागते. प्रॉडक्शनवर आम्ही यातील काहीही आपोआप चालू देत नाही, तिथे फक्त सूचना जाते.

काम सुरू करण्यापूर्वी आपल्याकडून काय लागेल

प्रत्येक खात्याला स्वतंत्र ईमेल पत्ता लागतो, आणि तो एखाद्या व्यक्तीचा नसून संस्थेच्या ताब्यातील सामायिक पत्ता असावा, कारण रूट युजरचा पासवर्ड बदलण्याची वाट तिथूनच जाते. आपले सध्याचे खाते ऑर्गनायझेशनमध्ये आणायचे असल्यास त्याला निमंत्रण पाठवले जाते आणि ते आपण स्वतः स्वीकारायचे असते. अशा निमंत्रित खात्यात `OrganizationAccountAccessRole` ही, व्यवस्थापन खात्यातून तिथे प्रवेश देणारी भूमिका आपोआप तयार होत नाही, ती ऑर्गनायझेशनमधून नव्याने उघडलेल्या खात्यांतच होते. म्हणून ती आपल्या उपस्थितीत हाताने तयार करावी लागेल. जुन्या खात्यातून प्रॉडक्शन हलवून झाल्यावर ते खाते बंद केले, तरी पुढील 90 दिवस ते निलंबित अवस्थेत यादीत दिसत राहील आणि त्या मुदतीत ते परत उघडून घेता येईल.