📅 मधली तारीख कुणाची?

"📅 टाकलं की त्यात मेसेज पाठवल्याची तारीख आपोआप येते ना?"

नाही. मेसेजमधून चित्र जात नाही, फक्त U+1F4C5 हा क्रमांक जातो. वाचणाऱ्याचा फोन स्वतःच्या इमोजी-संचातलं तयार चित्र त्या जागी दाखवतो. ॲपलच्या चित्रावर बारा महिने १७ जुलैच असते, कारण २००२ साली त्याच दिवशी त्यांचं आयकॅल हे कॅलेंडर ॲप जाहीर झालं. दुसऱ्या संचात दुसरी तारीख असू शकते. गैरसमज होतो तो आयफोनवरच्या कॅलेंडर ॲपमुळे. त्याच्या आयकॉनवरची तारीख रोज बदलते, पण तो इमोजी नव्हे.

आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीत गणपतीच्या एसटी बुकिंगसाठी मेसेज गेला: "नावं 📅 🕕 पर्यंत द्या." पाठवणाऱ्या काकांना म्हणायचं होतं "आजच". मुंबईतल्या आयफोनवाल्या चाकरमान्यांनी १७ जुलै वाचलं आणि निवांत राहिले. चार घरांची नावं राहिली, ऐन सणाला. मला ते फार लागलं.

घड्याळाचंही तसंच. इमोजीत चोवीस तबकड्या आहेत, बारा पूर्ण तासांच्या आणि बारा साडेच्या. सव्वासहा दाखवणारी तबकडीच नाही. 🕕 सकाळचे सहा की संध्याकाळचे, हे कळायला काही मार्ग नाही. ⏰ वरचे काटे तर चित्रकाराने ठेवले तसेच राहतात.

काकांचा मेसेज असा हवा होता: "नावं आज, १२ जुलै, संध्याकाळी ६ पर्यंत द्या." शेजारी 📅 शोभेला ठेवलं, तरी वाचणारा त्यावरचा आकडा खरा धरू शकतो, मी ते काढूनच टाकते.