डिस्ट्रिब्युटर बदलताय? जुनं गाणं आधी काढू नका

आमच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलेले कलाकार दोन-तीन वर्षांनी हमखास विचारतात, "वर्षाची फी परवडत नाही, दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे जायचंय. आकडे जातील का?" डिस्ट्रिब्युटर म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या ठिकाणी पोहोचवणारी कंपनी, आणि आकडे म्हणजे गाणं किती वेळा ऐकलं गेलं ते. कामाचा क्रम बरोबर ठेवला तर स्पॉटिफायवरचे आकडे सहसा जात नाहीत. पण बहुतेक जण जुन्याकडचं गाणं आधी काढतात आणि मग नव्याकडे चढवतात. गडबड होते ती इथेच. म्हणून हे पत्रक.

आकडा कशाला चिकटलेला असतो?

नवा डिस्ट्रिब्युटर तुमचं गाणं पाठवतो तेव्हा स्पॉटिफायच्या दृष्टीने ती एक नवी प्रत असते. तिला नवं पान आणि नवी लिंक मिळते. मग स्पॉटिफाय पाहतं, की हेच रेकॉर्डिंग आपल्याकडे आधीपासून आहे का. आयएसआरसी क्रमांक, गाण्याचं नाव, कलाकाराचं नाव, लांबी आणि प्रत्यक्ष ध्वनी हे सगळं जुळलं, तर दोन्ही प्रती एकमेकींना जोडल्या जातात आणि दोन्हींवर एकच आकडा दिसतो. पुढे जुनी प्रत निघाली, तरी प्लेलिस्टमधल्या तिच्या जागी नवी वाजते.

आयएसआरसी म्हणजे रेकॉर्डिंगचा बारा अक्षरांचा कायमचा क्रमांक. त्याची रचना अशी (क्रमांक नमुन्यादाखल):

```
IN-ABC-21-00045
```

देश, क्रमांक देणारा, वर्ष आणि अनुक्रम. "हा नंबर जुन्या कंपनीने दिला होता, आता तो कसा वापरायचा?" असं पुष्कळ जण विचारतात. बिनधास्त वापरा. क्रमांक त्या रेकॉर्डिंगचा असतो, कुणीही दिलेला असो. नव्याकडे चढवताना "माझ्याकडे आधीच आयएसआरसी आहे" हा पर्याय निवडून तोच भरा. तो रकाना रिकामा सोडला, तर नवा क्रमांक आपोआप पडतो आणि त्याबरोबर आकड्यांचा धागा तुटू शकतो. जुन्या खात्यात क्रमांक सापडत नसेल, तर isrcsearch.ifpi.org वर गाण्याच्या नावाने शोधता येतो.

अल्बमचा यूपीसी क्रमांकही जमल्यास तोच ठेवा. काही डिस्ट्रिब्युटर बाहेरचा यूपीसी घेत नाहीत. त्यासाठी अडून बसू नका, स्पॉटिफायच्या आकड्यांसाठी आयएसआरसी जास्त महत्त्वाचा.

एका भजनी मंडळाची गोष्ट

कोल्हापूरकडच्या एका मंडळाचे चार अभंग 2021 मध्ये आषाढीच्या आधी प्रकाशित झाले होते. आम्ही जुन्या खात्यातून चारही आयएसआरसी उतरवून घेतले, तिथे दिसतात तशीच नावं नव्या अर्जात भरली आणि मूळ प्रकाशनाची तारीख 2021 चीच ठेवली. आजची तारीख टाकली की जुनंच गाणं नवं म्हणून दिसतं. कलाकाराच्या रकान्यात मंडळाच्या स्पॉटिफाय पानाची लिंक दिली. तो रकाना चुकला, तर त्याच नावाचं दुसरं रिकामं पान तयार होतं किंवा गाणी भलत्याच मंडळाच्या पानावर जाऊन बसतात.

काही दिवसांनी नवी प्रत दिसू लागली. संगणकावरच्या स्पॉटिफाय अ‍ॅपमध्ये नव्या डिस्ट्रिब्युटरने दिलेली लिंक उघडली. तीन अभंगांवर जुनेच आकडे होते, चौथ्यावर मात्र `<1,000`. चार-पाच दिवस थांबून पाहिलं, फरक पडला नाही.

शोधल्यावर दोन कारणं निघाली. मंडळातल्या एका दादांनी "जरा बरी वाटते" म्हणून त्या एका अभंगाची नव्याने मास्टर केलेली फाइल दिली होती, आणि तिच्या शेवटचा टाळांचा नाद तीन सेकंद लवकर कापलेला होता. शिवाय रोमन लिपीत नाव आधी `Wari` होतं, नव्या अर्जात `Vaari` झालं होतं. मराठी नावांना हा धोका कायमचा: व कुणी `W` लिहितो, कुणी `V`, दीर्घ आ कुणी दोन `a` लावून लिहितो. शुद्धलेखन सुधारायची ही वेळ नव्हे. चूक असली तरी जुनी चूकच भरा. आम्ही 2021 ची मूळ वेव्ह फाइल आणि जुनं स्पेलिंग परत पाठवलं. आकडा जुळला, आणि त्यानंतरच जुन्या कंपनीला गाणी काढायला सांगितलं.

या सगळ्या काळात दोन्ही प्रती एकदम सुरू होत्या. त्याने आकडा दुप्पट होत नाही. जी प्रत वाजली, तिचे पैसे त्या डिस्ट्रिब्युटरकडे जमा होतात, इतकंच. फक्त हा दुहेरी काळ महिनोन्महिने लांबवू नका, आणि हे स्थलांतर आहे असं नव्या डिस्ट्रिब्युटरला आधीच कळवा.

यूट्यूबवर क्रम उलटा

तुमचं गाणं दुसऱ्या कुणी व्हिडिओत वापरलं की त्यावर हक्क सांगणारी यूट्यूबची व्यवस्था म्हणजे कंटेंट आयडी. तिथे एकाच गाण्यावर दोन डिस्ट्रिब्युटरनी मालकी सांगितली की वाद उभा राहतो. म्हणून कंटेंट आयडी तेवढा जुन्याकडून आधी बंद करून घ्या, मग नव्याकडे सुरू करा.

तुमच्या स्वतःच्या चॅनेलवर तुम्ही चढवलेले व्हिडिओ जसेच्या तसे राहतात. पण डिस्ट्रिब्युटरमार्फत आपोआप तयार होणारा, स्थिर चित्राचा व्हिडिओ नव्याने बनू शकतो, आणि त्याचे जुने व्ह्यूज टिकतील हे आम्ही कबूल करत नाही. इन्स्टाग्रामचंही तसंच. जुन्या ध्वनीवर लोकांनी केलेल्या रील्स ती प्रत निघाल्यावर मुक्या होऊ शकतात. एखादं गाणं रील्सवर जोरात चालू असेल, तर ती लाट ओसरेपर्यंत थांबा असंच आम्ही सांगतो.

लिंक आणि छापलेला क्यूआर

प्रती जोडल्या गेल्या, तर एकेका गाण्याची जुनी लिंक बहुतेक वेळा नवी प्रत वाजवते. अल्बमच्या लिंकचा असा भरवसा नाही, ती "उपलब्ध नाही" दाखवू शकते. वरच्या मंडळाने नेमका अल्बमचाच क्यूआर फ्लेक्सवर छापला होता, आणि तो नव्याने छापावा लागला. छापायचंच असेल, तर कलाकाराच्या पानाची लिंक द्या (`open.spotify.com/artist/` ने सुरू होणारी), ती डिस्ट्रिब्युटर बदलल्याने बदलत नाही. नाहीतर आतला पत्ता नंतर बदलता येईल अशी मधली लिंक घ्या. व्हॉट्सअ‍ॅप बायो, यूट्यूबचं वर्णन आणि वेबसाइट इथल्या जुन्या लिंका जुनी प्रत काढण्याच्या आदल्या दिवशी बदलून घ्या.

प्लेलिस्टबद्दल एक स्पष्टच सांगतो. श्रोत्यांनी बनवलेल्या प्लेलिस्टमधली जागा सहसा टिकते. स्पॉटिफायच्या संपादकांच्या यादीत ठेवायचं की नाही, हे संपादक केव्हाही ठरवू शकतात. तिथली जागा टिकवून देण्याची हमी कुणी पैसे घेऊन देत असेल, तर देऊ नका.

पैसे आणि जुनं खातं

गाणी निघाली म्हणून जुनं खातं लगेच बंद करू नका. रॉयल्टीचा हिशेब साधारण दोन-तीन महिने मागे असतो, त्यामुळे शेवटची रक्कम गाणी निघाल्यानंतर येते. सगळे जुने अहवाल आधी उतरवून ठेवा, खातं बंद झाल्यावर ते मिळतीलच असं नाही. वार्षिक फीचं नूतनीकरण कधी आहे तेही पाहा. तारीख आठ दिवसांवर आली असेल, तर या घाईत पडू नका, निदान महिनाभर हातात ठेवून सुरुवात करा.

आमच्याकडे येताना मूळ वेव्ह फायली (एमपीथ्री चालणार नाही), मूळ मुखपृष्ठ, आणि जुन्या खात्याच्या प्रत्येक गाण्याच्या पानाचा स्क्रीनशॉट आणा. जुन्या खात्याचा पासवर्ड आम्हाला देऊ नका. गाणी काढायचं बटण तुमचं तुम्हीच दाबायचं, आकडे जुळल्याचं आम्ही कळवल्यावर.