लाख-कोटी आणि दशलक्ष : शहरांच्या लोकसंख्येचे रूपांतर

शहराची लोकसंख्या भारतात लाख आणि कोटी या एककांत सांगितली जाते, तर इंग्रजी आणि अन्य बहुतेक युरोपीय भाषांत ती मिलियन, म्हणजे दशलक्ष, या एककात सांगितली जाते. दोन्ही पद्धती दशमान आहेत आणि संख्येतील अंकही तेच राहतात. बदलतो तो फक्त अंकांचा गट पाडण्याचा आणि त्या गटांना नावे देण्याचा रिवाज. युरोपीय पद्धतीत उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पडतात. भारतीय पद्धतीत पहिला गट तीन अंकांचा आणि त्यापुढचे दोन-दोन अंकांचे असतात. २०११च्या जनगणनेतील बृहन्मुंबई महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या त्यामुळे आपल्याकडे १,२४,४२,३७३ अशी लिहितात आणि परदेशी तक्त्यात तीच १२,४४२,३७३ अशी छापलेली असते. पहिली ‘एक कोटी चोवीस लाख बेचाळीस हजार तीनशे त्र्याहत्तर’ अशी वाचली जाते आणि दुसरी ‘१२.४४ दशलक्ष’ अशी.

एक दशलक्ष म्हणजे दहा लाख आणि एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष. दशलक्षातील आकड्याला दहाने गुणले की लाख मिळतात आणि दहाने भागले की कोटी. दशांशचिन्ह दोन्ही वेळा एकच घर सरकते, फक्त दिशा उलट असते, आणि नेमक्या याच ठिकाणी घाईत चूक होते. १२.४ दशलक्ष म्हणजे १२४ लाख किंवा १.२४ कोटी. तो आकडा ‘१२.४ लाख’ असा उतरवला तर मुंबई दहापट लहान होते आणि ‘१२.४ कोटी’ असा उतरवला तर दहापट मोठी होते. दुसरी चूक शेजारच्या आकड्याकडे पाहिले तरी पकडता येते, कारण त्याच जनगणनेत संपूर्ण महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३, म्हणजे ११.२४ कोटी, होती आणि राजधानी आपल्या राज्यापेक्षा मोठी असू शकत नाही. गोव्याच्या १४,५८,५४५ या आकड्याचेही तसेच आहे. परदेशी पद्धतीत तो १,४५८,५४५ असा दिसतो. पहिल्या स्वल्पविरामाआधी एकच अंक असला की भारतीय वाचक सवयीने कोटीकडे झुकतो, पण येथे एकूण अंक सात आहेत, म्हणून संख्या दशलक्षाच्या घरातली, म्हणजे साडेचौदा लाखांच्या आसपासची, आहे. स्वल्पविराम मनातल्या मनात पुसून उजवीकडून अंक मोजणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. सहा अंक म्हणजे लाख, सात अंक म्हणजे दहा लाखांचे घर, आठ अंक म्हणजे कोटी.

दशांशचिन्ह बरोबर सरकवल्यानंतरही एक चूक उरते आणि ती अधिक फसवी आहे. बोलताना आपण कोटीनंतर लाख सांगतो, आणि कोटीपुढचे लाख शून्यापासून नव्याण्णवपर्यंत जातात, म्हणजे दोन घरे व्यापतात. म्हणून १.२ कोटी म्हणजे ‘एक कोटी वीस लाख’, ‘एक कोटी दोन लाख’ नव्हे. एक कोटी दोन लाख लिहायचे असतील तर ते १.०२ कोटी असे लिहावे लागतात. १०.२ दशलक्ष वस्तीच्या परदेशी शहराविषयी मजकूर तयार करताना ‘१.२ कोटी’ असे लिहिले गेले, तर अठरा लाख माणसे कागदावर नव्याने जन्माला येतात. कोटीतील आकडा नेहमी दशांशानंतर दोन घरांपर्यंत लिहिला, शेवटी शून्य येत असले तरीही, तर ही चूक जवळजवळ होतच नाही. १.२० कोटी हा आकडा कोणी ‘एक कोटी दोन लाख’ असा वाचत नाही.

मराठीतील सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द ज्या एककाला जोडले जातात त्याचाच अंश सांगतात. सव्वा कोटी म्हणजे १२.५ दशलक्ष, दीड कोटी म्हणजे १५ दशलक्ष, पावणेदोन कोटी म्हणजे १७.५ दशलक्ष. ‘दीड मिलियन’ मात्र पंधरा लाखच असतात. २०११च्या मुंबईला ‘जवळजवळ सव्वा कोटी’ म्हणणे योग्य आहे, कारण मूळ आकडा सव्वा कोटीहून साठ हजारांनीही कमी नाही. ‘बारा मिलियनहून अधिक’ या परदेशी वाक्याचे ‘एक कोटी वीस लाखांहून अधिक’ हे रूपांतर गणिती दृष्ट्या बरोबर आहे, पण त्यात ४,४२,३७३ माणसे ‘अधिक’ या शब्दामागे लपतात. त्याच जनगणनेतील अकोला शहराची लोकसंख्या ४,२५,८१७ होती, यावरून हा फरक किती मोठा आहे ते कळते. उलट बाजूने, अदमासे सांगितलेला आकडा सर्व शून्यांसह लिहिणेही चुकीचे आहे. ‘सुमारे ८.८ दशलक्ष’ याचे रूपांतर ‘सुमारे ८८ लाख’ असे करावे. ‘८८,००,०००’ असे छापले तर मूळ स्रोतात नसलेली अचूकता आकड्याला चिकटते.

तुलनेची सगळी प्रक्रिया मुंबई आणि न्यूयॉर्क या उदाहरणात दिसते. अमेरिकेच्या २०१०च्या जनगणनेत न्यूयॉर्क शहराची लोकसंख्या ८,१७५,१३३ होती. भारतीय पद्धतीत ती ८१,७५,१३३, म्हणजे पावणेब्याऐंशी लाख. मुंबईची गणना १ मार्च २०११ची आणि न्यूयॉर्कची १ एप्रिल २०१०ची, म्हणजे दोन्हींत जेमतेम अकरा महिन्यांचे अंतर आहे, आणि तुलनेसाठी ते चालण्यासारखे आहे. दोन्ही आकडे लाखांत मांडले तर मुंबई १२४.४२ लाख आणि न्यूयॉर्क ८१.७५ लाख. फरक सुमारे ४२.६७ लाखांचा आणि गुणोत्तर १.५२, म्हणजे मुंबई दीडपट. दशलक्षात १२.४४ भागिले ८.१८ केले तरी गुणोत्तर १.५२च येते, आणि हीच रूपांतराची सर्वात सोपी कसोटी आहे. एकक बदलल्याने गुणोत्तर बदलत नाही. ते बदलले असेल तर एका बाजूचे दशांशचिन्ह चुकले आहे. ‘मुंबई १.२४ कोटी आणि न्यूयॉर्क ८१.७५ लाख’ हे वाक्य खरे आहे, पण त्यात वाचकाला अर्धे गणित स्वतः करावे लागते. एका वाक्यात दोन्ही शहरांना एकच एकक लावावे आणि मराठी मजकुरात ते लाख असावे, हे उत्तम. ‘१२४ लाख’ कानाला थोडे अनोळखी वाटते खरे, पण तुलना डोळ्यांसमोर राहते.

रूपांतर बिनचूक झाले तरी दोन आकडे एकाच गोष्टीचे नसतील तर तुलना चुकते. वरचे दोन्ही आकडे महानगरपालिकेच्या हद्दीतले आहेत. भारतीय जनगणना शहराला लागून सलग पसरलेली वस्ती ‘नागरी संकुल’ म्हणून वेगळी मोजते, आणि बृहन्मुंबई नागरी संकुलात २०११ साली ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर धरून १,८३,९४,९१२ लोक होते. वसई-विरार या संकुलात नव्हते. पश्चिम रेल्वेच्या लोकलने तिथले लोक रोज मुंबईत कामाला येत असले, तरी त्या शहराची सुमारे १२.२ लाख वस्ती जनगणनेने स्वतंत्र दाखवली. न्यूयॉर्कचे महानगर क्षेत्र वेगळ्या तत्त्वावर आखले जाते. तिथे कामासाठी रोज ये-जा करणाऱ्यांच्या प्रमाणावरून आसपासच्या काउंटी अख्ख्याच्या अख्ख्या जोडतात. २०१०च्या गणनेत त्या वेळच्या आखणीनुसार तिथे १,८८,९७,१०९ लोक होते. म्हणजे शहराच्या पातळीवर मुंबई दीडपट, आणि महानगराच्या पातळीवर दोन्ही जवळपास सारखी, उलट न्यूयॉर्क किंचित मोठे. वसई-विरार जोडले तर मुंबई १.९६ कोटींवर जाऊन पुन्हा पुढे निघते. यातला कोणताही आकडा खोटा नाही. मुंबईचा नागरी संकुलाचा आकडा न्यूयॉर्कच्या शहर-हद्दीच्या आकड्याशेजारी ठेवून ‘सव्वादोन पट’ असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. चीनमधील चोंगचिंगच्या बाबतीत हद्दीचा प्रश्न टोकाला जातो. २०२०च्या गणनेत तिथे ३.२१ कोटी लोक होते, पण ज्या प्रशासकीय हद्दीचा हा आकडा आहे तिचे क्षेत्रफळ सुमारे ८२,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून अधिक, आहे आणि त्यात शेते, डोंगर आणि खेडी आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या नागरी लोकसंख्येच्या तक्त्यांत आणखी एक एकक भेटते. ते आकडे हजारांत असतात आणि तसा उल्लेख बहुधा फक्त तक्त्याच्या शीर्षकात असतो. २०१८च्या आवृत्तीत दिल्लीपुढे २८,५१४ आणि टोकियोपुढे ३७,४६८ असे आकडे आहेत. ते प्रत्यक्षात २,८५,१४,००० आणि ३,७४,६८,००० आहेत. हजारांतील आकड्याला शंभराने भागले की लाख मिळतात, म्हणजे दिल्ली सुमारे २८५ लाख आणि टोकियो सुमारे ३७५ लाख. यातील दिल्ली राज्याच्या सीमेत थांबत नाही. फरीदाबाद, गुरुग्राम, गाझियाबाद अशी लगतची शहरे तिच्यात धरलेली आहेत, आणि आकडा गणनेचा नसून अंदाजाचा आहे. म्हणून २०११च्या जनगणनेतील दिल्ली नागरी संकुलाच्या १,६३,४९,८३१ या आकड्याशी तो जोडून ‘सात वर्षांत सव्वा कोटींची वाढ’ असे म्हणता येत नाही. २०११नंतरची भारतीय जनगणना २०२१मध्ये झाली नाही आणि पुढील गणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. त्यामुळे सध्या भारतीय शहराच्या आकड्यापुढे तो २०११च्या गणनेचा आहे की नंतरच्या अंदाजाचा, हे लिहिणे आवश्यक ठरते.

जपानी स्रोतांत मूळ एकक दहा हजारांचे असते, त्याला ‘मान’ म्हणतात. २०२०च्या गणनेतील टोकियो महानगर प्रशासनाची १,४०,४७,५९४ ही लोकसंख्या तिथे ‘१४०५ मान’ अशी सांगितली जाते. दहा मान म्हणजे एक लाख, म्हणून हा आकडा १४०.५ लाख होतो. जर्मन आणि फ्रेंच मजकुरात दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात, तेव्हा ‘३,७ दशलक्ष’ असा दिसणारा बर्लिनचा आकडा सदतीस दशलक्ष नसून सदतीस लाख असतो.